‘सोबत प्रस्ताव जोडला आहे’ एवढे पुरेसे नाही

गृहनिर्माण संस्थांच्या गच्चीवर सौर संच बसवून देणाऱ्यांच्या व्यवसायात एक मत घट्ट रुजले आहे. प्रस्ताव नकाशे, तक्ते, हमीपत्रे यांसह चांगला चौदा-पंधरा पानांचा करावा, पण तो ज्या ईमेलला जोडून जातो तो ईमेल दोन ओळींचाच असावा: ‘आपल्याशी झालेल्या चर्चेप्रमाणे प्रस्ताव सोबत जोडला आहे. कृपया पाहून कळवावे, ही विनंती.’ एका ज्येष्ठ विक्रीप्रमुखांनी नवोदितांपुढे बोलताना या मताची तीन कारणे मांडली आणि ती ऐकून बरेच जण माना डोलावत होते. पहिले कारण असे की, लांब ईमेल कोणी वाचत नाही. दुसरे, रक्कम ईमेलमध्ये लिहिली की तोच ईमेल तासाभरात दुसऱ्या ठेकेदाराकडे पोचतो. तिसरे, मुदत लेखी दिली की ती आपल्या गळ्यात पडते. म्हणून ईमेल फक्त दार वाजवण्यापुरता, बाकी सगळे भेटीत.

मला हे मत मुळापासून चुकीचे वाटते. मी अनेक वर्षे असे प्रस्ताव लिहिले आणि आता माझ्याच संस्थेच्या व्यवस्थापक समितीत बसून इतरांचे प्रस्ताव वाचतो. दोन ओळींच्या ईमेलमुळे चांगली कामे कशी अडकतात, हे त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंनी दिसते. त्यामुळे या तिन्ही कारणांना उत्तर द्यायला हवे, असे वाटले.

आधी हा ईमेल कोणाकडे जातो ते पाहू. पत्ता सचिवांचा असतो. ते बहुधा नोकरी करणारे गृहस्थ असतात, संस्थेचे काम रात्री जेवणानंतर करतात आणि ईमेल फोनवर उघडतात. पण प्रस्ताव मंजूर करण्याचा अधिकार त्यांना नाही. पंधरा लाखांचा खर्च सर्वसाधारण सभेतच मंजूर व्हावा लागतो, आणि सभेपुढे विषय जाण्याआधी तो समितीपुढे यावा लागतो. म्हणजे सचिवांना तुमचे म्हणणे अध्यक्षांना, खजिनदारांना, समितीतल्या सात-आठ जणांना आणि पुढे सगळ्या सभासदांना सांगायचे असते. हे ते कसे करतात? ईमेल पुढे पाठवतात, किंवा त्यातला मजकूर उचलून समितीच्या व्हॉट्सॲप गटात टाकतात. नऊ एमबीची पीडीएफ तिथे पडून राहते. ती उघडलीच, तर पहिली तीन पाने कंपनीच्या इतिहासाची आणि पुढची दोन हवामानबदलाची असतात, म्हणून खजिनदार तिथेच थांबतात.

मग गटात पोचते काय? ‘सोबत प्रस्ताव जोडला आहे, कृपया पाहून कळवावे.’ त्यावर कोणीतरी विचारते, ‘किती खर्च येणार?’ सचिव लिहितात, ‘पीडीएफमध्ये आहे.’ दुसरे कोणी लिहिते, ‘फार महाग असते म्हणे.’ तिसऱ्यांना गच्चीतून गळती होईल अशी भीती वाटते. या प्रश्नांची उत्तरे तुमच्या अकराव्या पानावर आहेत, पण त्या क्षणी ती सांगणारे तिथे कोणी नाही. लांब ईमेल वाचला जात नाही हे खरे मानले, तरी त्यातून ईमेल रिकामा ठेवावा असे निघत नाही. उलट, सगळ्या कागदपत्रांतला जो एकच मजकूर नक्की वाचला जातो तो हाच असेल, तर तुमच्याशिवायही तो तुमची बाजू सांगू शकेल असा लिहायला हवा. त्याला दोनशे शब्द पुरतात. एवढा मजकूर सचिव लिफ्टची वाट बघतानाही वाचतात.

आता एक उदाहरण सगळ्या आकड्यांसह घेऊ, म्हणजे वाद हवेत राहणार नाही. पुण्यातली ४८ सदनिकांची संस्था धरा. दोन लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यांतले आणि वाहनतळातले दिवे एकाच सामाईक मीटरवर आहेत. महिन्याला सरासरी ३,००० युनिट जळतात आणि वर्षाचे बिल सहा लाखांच्या आसपास जाते. सचिवांना आणि बहुतेक सभासदांना यातून निघणारा युनिटचा दर चढा वाटतो, कारण घरच्या बिलात त्यांना युनिट बरेच स्वस्त पडते. घरगुती वर्गवारीत वापर वाढत जातो तसे वरच्या टप्प्यातले युनिट महाग होते. सामाईक मीटरचा वापर पाचशे युनिटांच्या खूप पुढे असल्याने त्याचा मोठा भाग सर्वांत महाग टप्प्यात पडतो. सौर संच बसला की नेट मीटरमुळे बिलातले युनिट वरून कमी होत जातात, म्हणजे आधी महाग युनिट वाचतात.

फायद्याबद्दल सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे, आणि ईमेलमध्ये ती एका वाक्यात बसते. तरीही प्रस्तावाबरोबरच्या पत्रांत बहुधा काय असते? ‘पर्यावरणपूरक, भविष्यवेधी, दर्जेदार उपाययोजना.’ नाहीतर मोठ्या अक्षरांत ‘वीजबिल शून्य!’ पहिल्याने समितीला काहीच कळत नाही. दुसरे वाक्य तर खोटे ठरते, कारण स्थिर आकार दर महिन्याला भरावाच लागतो. शून्याच्या हट्टापायी संस्थेला मोठा संच विकला जातो, हे आणखी वाईट. वर सांगितलेल्या टप्प्यांचा हिशेब उलट लावला तर दिसते की, शेवटचे दोन-तीन किलोवॅट फक्त खालच्या टप्प्यातली स्वस्त युनिटे वाचवतात. आर्थिक वर्षअखेर ३१ मार्चला खात्यात उरलेल्या जादा युनिटांना मिळणारा मोबदलाही बिलातल्या दराच्या जवळपास जात नाही. म्हणून ३६ हजार युनिटांच्या वापरासाठी २५ किलोवॅट सुचवणे शहाणपणाचे. आपल्याकडे एक किलोवॅट महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट देतो, म्हणजे वर्षाला ३० ते ३६ हजार युनिट मिळतील आणि थोडे बिल उरेल. हे उरणारे बिल ईमेलमध्ये आपणहून सांगावे. ते सांगणाऱ्यावर खजिनदाराचा विश्वास बसतो, कारण खजिनदाराने आधीच्या दोन प्रस्तावांत ‘शून्य’ वाचलेले असते आणि शेजारच्या संस्थेचे बिल त्याने पाहिलेले असते.

रकमेकडे वळतो, कारण खरा मतभेद तिथे आहे. ‘रक्कम लिहू नका, ती फिरते.’ फिरते, हे मान्य. पण ती पीडीएफमधूनही फिरते. फिरू नये अशी अपेक्षा धरणेच चूक आहे. संस्थेला तीन-चार दरपत्रके मागवून तुलना करावीच लागते, नाहीतर सभेत पहिला प्रश्न तोच येतो. तुमच्या रकमेची तुलना होणार हे ठरलेलेच आहे. ती कशाशी होणार, एवढेच तुमच्या हातात आहे. खजिनदार एका कागदावर उभे-आडवे रकाने आखतात: ठेकेदार, किलोवॅट, एकूण रक्कम. तुमच्या पत्रातून त्यांना बाकी काही मिळाले नाही, तर कागदावर तेवढेच उतरते आणि सर्वांत कमी रकमेचा ठेकेदार पुढे सरकतो. त्याच्या रकमेत सांगाडा गुडघ्याएवढ्या उंचीचा आहे, नेट मीटरचे शुल्क वेगळे आहे, मंजूर भार वाढवण्याचा खर्च धरलेलाच नाही आणि पॅनेल अनुदानाला पात्र नाहीत, हे त्या कागदावर कुठेच दिसत नाही.

म्हणून रक्कम लिहावी, आणि तिच्याच शेजारी त्यात काय काय येते तेही लिहावे. आपल्या उदाहरणात उंच सांगाड्यासह, करांसह पंधरा लाख धरू. पंतप्रधान सूर्यघर योजना २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. तिच्यात गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी दर किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे आणि पॅनेल देशी बनावटीच्या सेलचीच लागतात. २५ किलोवॅटला ही रक्कम साडेचार लाख होते. पण ती संच सुरू झाल्यावर संस्थेच्या खात्यात येते, त्यामुळे आधी पूर्ण पंधरा लाख उभे करावे लागतात. किती तरी प्रस्तावांत मोठ्या अक्षरांत ‘फक्त साडेदहा लाख’ असे छापलेले मी पाहिले आहे. समिती त्या आकड्यावर सभा घेते, प्रत्येक सदनिकेमागे बावीस हजारांच्या आतबाहेर वर्गणी ठरवते आणि पहिला हप्ता द्यायच्या वेळी कळते की, दर घरामागे सव्वाएकतीस हजार लागणार आहेत. मग पुन्हा सभा. दोन महिने जातात आणि सभासद समितीवर चिडतात. समिती ठेकेदारावर चिडते, आणि ते योग्यच आहे. ‘आधी १५ लाख, संच सुरू झाल्यावर साडेचार लाख परत’ हे एक वाक्य ईमेलमध्ये असते, तर हे टळले असते.

रक्कम लपवण्याचा आणखी एक तोटा विक्रीप्रमुखांच्या ध्यानात येत नाही. रक्कम नसलेला ईमेल आला की समिती रकमेची कल्पना स्वतः करते, आणि ती कल्पना खऱ्यापेक्षा मोठी असते. ‘फार महाग असते म्हणे’ हे वाक्य अशा रिकाम्या जागेतच उगवते.

एका ठिकाणी मात्र त्यांचे म्हणणे पूर्ण बरोबर आहे. सरकारी किंवा निमसरकारी निविदेत तांत्रिक आणि आर्थिक असे दोन लिफाफे असतात. तिथे तांत्रिक भागात किंवा सोबतच्या पत्रात रक्कम दिसली की निविदा बाद होऊ शकते. शाळा, रुग्णालये, पाणीपुरवठा केंद्रे यांची कामे याच रीतीने निघतात. तिथली शिस्त तिथे पाळलीच पाहिजे. पण ती शिस्त गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांना लिहिताना लावणे म्हणजे ज्या भीतीला कारण नाही ती बाळगणे.

तिसरा आक्षेप मुदतीचा. ‘तारीख दिली की गळ्यात पडते.’ या भीतीपोटी प्रस्तावात ‘कार्यादेशापासून ९० दिवस’ असे ठोकळ लिहिले जाते आणि ईमेलमध्ये काहीच लिहिले जात नाही. समितीला मात्र या नव्वद दिवसांतून काही कळत नाही. कार्यादेश केव्हा निघणार, हेच तिला ठाऊक नसते. तिच्या डोक्यातले दिवस सभेपासून मोजले जातात. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत होऊन जाते. डिसेंबरमध्ये प्रस्ताव आला, तर पुढच्या वार्षिक सभेची वाट पाहायची की विशेष सभा बोलवायची, हा सचिवांपुढचा पहिला प्रश्न असतो. उपविधींप्रमाणे विशेष सभेला पाच पूर्ण दिवसांची सूचना पुरते, वार्षिक सभेला चौदा लागतात. म्हणजे जानेवारीतल्या एखाद्या रविवारी सभा घेता येते. हे ठेकेदाराने सचिवांना शिकवायचे नाही. पण मुदत सभेच्या दिवसापासून मोजून दाखवली की ते आपोआप त्या रविवारचा विचार करू लागतात.

आणि घाई कशासाठी, तेही मुदतीतच सांगता येते. सौर संचाला एप्रिल आणि मे हे सर्वांत भरभराटीचे महिने. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे उत्पादन बरेच घसरते. नेट मीटरमध्ये जादा युनिट पुढच्या महिन्यांच्या खात्यावर जमा होतात, पण आर्थिक वर्षाच्या आतच. जो संच एप्रिलच्या मध्याला सुरू होतो त्याची उन्हाळ्यातली शिल्लक पावसाळ्यातली तूट काही अंशी भरून काढते. जूनमध्ये सुरू होणाऱ्या संचाला ही शिल्लक मिळत नाही आणि पहिली तीन-चार बिले सभासदांना निराश करतात. ‘त्वरित निर्णय घ्यावा, सवलत मर्यादित काळासाठी’ या धाकाऐवजी हे खरे कारण लिहा. समितीला ते तपासता येते.

गळ्यात पडण्याच्या भीतीवरचा उपाय मुदत लपवण्यात नाही. ती कोणाच्या हातात आहे, हे वेगळे लिहिण्यात आहे. आपल्या उदाहरणात एक अडचण आहे. महाराष्ट्रात नेट मीटरिंगखालच्या संचाची क्षमता ग्राहकाच्या मंजूर भारापेक्षा जास्त असून चालत नाही, आणि या संस्थेचा मंजूर भार १८ किलोवॅट आहे. २५ किलोवॅट बसवायचे तर आधी भार वाढवून घ्यावा लागेल. त्याचा अर्ज, तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी, शेवटी मीटरची चाचणी आणि बदल, ही सगळी महावितरणची कामे आहेत. सांगाडा, पॅनेल, इन्व्हर्टर, वायरिंग, अर्थिंग ही आपली. आपल्या कामाला परवानगी आणि पहिला हप्ता मिळाल्यापासून तीन आठवडे लागतील, तर तीन आठवडेच लिहा आणि त्याला बांधील राहा. महावितरणच्या कामांचा अंदाज सहा ते आठ आठवडे असेल, तर तो अंदाज आहे असे म्हणा. अशी विभागणी लेखी असली तर उशीर झाल्यावर समिती तुम्हाला जाब विचारण्याआधी अर्ज कुठे अडला ते विचारते. ठोकळ नव्वद दिवसांत ही विभागणी नसते, म्हणून महावितरणच्या दिरंगाईचा दोषही तुमच्याच माथी येतो. गळ्यात काही पडत असेल तर ते त्या ठोकळ आकड्यामुळेच.

मंजूर भाराची ही गोष्ट कळायला सामाईक मीटरचे एक बिल पुरते, त्यावर ती छापलेली असते. तरी कित्येक प्रस्ताव बिल न पाहता निघतात. गच्चीचे क्षेत्रफळ मोजायचे, त्यात बसतील तेवढे किलोवॅट लिहायचे आणि पाठवून द्यायचे. ओळखायची खूण सोपी आहे. ईमेलमध्ये किंवा प्रस्तावात ‘मंजूर भार’ हे दोन शब्द नसतील, तर लिहिणाऱ्याने बिल पाहिलेले नाही.

आता पुढची पायरी. ‘कृपया कळवावे’ ही पुढची पायरी नव्हे. सचिवांनी काय कळवायचे? मंजूर आहे असे ते कळवू शकत नाहीत, तो अधिकार सभेचा. नामंजूर आहे असेही नाही. म्हणून ते काहीच कळवत नाहीत. मग तुम्ही आठ दिवसांनी ‘मेल पाहिला का?’ असे विचारता, आणि ते खरे तेच सांगतात, ‘पाहिला, समितीत ठेवतो.’ इथे प्रस्ताव थांबतो. त्यात कोणाचा आळस नाही. जे त्यांच्या हातात नाही तेच तुम्ही मागितले, एवढेच. म्हणून पुढची पायरी अशी सांगावी की, सचिवांना ती कोणाची परवानगी न घेता उचलता येईल. बारा महिन्यांची बिले पाठवणे त्यांच्या हातात आहे. शनिवारी सकाळी गच्चीची किल्ली देणेही त्यांच्या हातात आहे. समितीच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर एक विषय टाकून घेणेही. यातली फार तर दोन मागावीत, वार आणि वेळ घालून, आणि त्यानंतर आपण काय देणार तेही सांगावे.

हे सगळे एकत्र कसे दिसते, ते लिहूनच दाखवतो. विषयाच्या ओळीत संस्थेचे नाव, काम आणि क्षमता असावी. जोडलेल्या फाइलच्या नावातही तेच असावे. ‘फायनल-३’ असे नाव दिलेली फाइल सहा महिन्यांनी सचिवांच्या फोनमध्ये सापडत नाही.

‘मा. सचिव, सप्रेम नमस्कार.

आपल्या संस्थेच्या सामाईक विजेसाठी २५ किलोवॅटच्या सौर संचाचा प्रस्ताव सोबत पाठवत आहे. समितीपुढे ठेवायला सोपे जावे म्हणून मुख्य बाबी इथेच देतो.

फायदा: सामाईक मीटरचे सध्याचे वार्षिक बिल सुमारे ६ लाख आहे. आजच्या दराने त्यात वर्षाला साधारण ५ लाखांची बचत होईल. बिल शून्य होणार नाही, स्थिर आकार आणि थोडी युनिटे राहतील. दर किंवा नेट मीटरचे नियम बदलल्यास बचत बदलेल.

खर्च: करांसह १५ लाख. यात आठ फूट उंच सांगाडा, अनुदानपात्र पॅनेल, भारवाढीचा अर्ज, नेट मीटर आणि पाच वर्षांची देखभाल धरली आहे. संच सुरू झाल्यावर योजनेच्या नियमांप्रमाणे ४.५ लाख अनुदान संस्थेच्या खात्यात येईल. आधी पूर्ण रक्कम लागेल.

गच्ची: सांगाडा काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभा राहील, स्लॅबला छिद्र पाडणार नाही. प्रस्तावाच्या पान ९ वर आराखडा आहे.

मुदत: सभेच्या ठरावानंतर महावितरणच्या परवानग्या आणि मीटर मिळून अंदाजे ६ ते ८ आठवडे. आमचे काम परवानगी आणि पहिल्या हप्त्यानंतर ३ आठवडे. जानेवारीच्या मध्याला ठराव झाल्यास एप्रिलच्या मध्याला संच सुरू होऊ शकेल.

पुढची पायरी: येत्या शनिवारी सकाळी ११ वाजता टाकीच्या सावलीची मोजणी करायला येऊ इच्छितो, गच्ची उघडी मिळावी. त्याआधी सामाईक मीटरची गेल्या १२ महिन्यांची सर्व बिले पाठवावीत. ती पाहून मंगळवारपर्यंत आकडे पक्के करून देईन.

दर ३१ जानेवारीपर्यंत लागू. अंतिम अटी करारात राहतील.’

एवढाच मजकूर. गच्चीबद्दलच्या दोन वाक्यांवर थोडे थांबतो, कारण काही जण ती काढून टाका म्हणतील. छताच्या गळतीची दुरुस्ती संस्थेच्या माथी येते आणि तिचा त्रास सर्वांत वरच्या मजल्यावरच्यांना होतो. सभेत सर्वांत मोठा विरोध त्यांचाच असतो, आणि तो पैशांबद्दल नसतो. त्यांच्या घरात मागच्या पावसाळ्यात बादल्या ठेवलेल्या असतात. समितीने नुकतेच जलरोधन करून घेतले असेल आणि त्याची हमी चालू असेल, तर स्लॅबला पाडलेल्या एका छिद्रानेही ती हमी धोक्यात येते. हा प्रश्न सभेत येईपर्यंत थांबू नये. तो येणार हे माहीत असताना उत्तर फक्त पीडीएफमध्ये ठेवणे म्हणजे सचिवांना सभेत एकटे सोडणे. मात्र ठोकळ्यांवरचा सांगाडा वाऱ्याला टिकेल का आणि जुन्या स्लॅबला ते वजन पेलेल का, हे अभियंत्याने तपासलेले असले पाहिजे. तपासलेले नसेल तर ही दोन वाक्ये लिहू नका, तपासणी कधी करणार ते लिहा.

‘आजच्या दराने’ आणि ‘नियम बदलल्यास बचत बदलेल’ हे शब्दही काही विक्रेत्यांना खुपतात. त्याने समिती बिचकते, असे त्यांचे म्हणणे. वीजदर आयोगाच्या आदेशाने बदलतात आणि नेट मीटरचे नियमही. दिवसाच्या वेळेप्रमाणे दर आकारणीची चर्चाही समितीतल्या एखाद्या जाणकाराने वाचलेली असते. तो सभेत उठून विचारेल, तेव्हा ‘हे प्रस्तावाच्या पत्रातच सांगितले आहे’ असे सचिवांना म्हणता आले पाहिजे. पंचवीस वर्षांची बचत आजच्या दरावर, शिवाय दरवर्षी ठरावीक टक्के दरवाढ धरून, कोटीच्या घरात दाखवणारे तक्ते मला अप्रामाणिक वाटतात. समितीला त्यांची गरजही नसते. साडेदहा लाखांची निव्वळ गुंतवणूक आणि वर्षाला पाच लाखांची बचत यांतून दोन-सव्वादोन वर्षे तिला स्वतःच काढता येतात. ते गणित तिने स्वतः केले की सभेत ती ते ठामपणे मांडते.

असा ईमेल लिहिण्यात एक खरा धोका आहे, आणि तो या तिन्ही आक्षेपांत नाही. ईमेल आणि प्रस्ताव यांतले आकडे जुळत नाहीत. जुन्या संस्थेचा ईमेल घेऊन त्यात फेरफार केला जातो. इकडे २५ किलोवॅट लिहिलेले असते, तर पीडीएफमध्ये एका तक्त्यात ३० राहून गेलेले असते, किंवा ईमेलमधली रक्कम करांसह आणि प्रस्तावातली करांशिवाय असते. दोन ओळींच्या ईमेलमध्ये ही चूक होऊ शकत नाही, हे त्या पद्धतीच्या बाजूने म्हणता येईल. पण या कारणासाठी पत्र रिकामे ठेवण्यापेक्षा पाठवण्याआधी क्षमता, रक्कम, अनुदान, मुदत आणि दराची अंतिम तारीख हे पाच आकडे दोन्ही कागद शेजारी ठेवून तपासावेत. हे काम प्रस्ताव न लिहिलेल्या सहकाऱ्याकडे द्यावे. त्याला पाच मिनिटे लागतात.

विक्रीप्रमुखांचा शेवटचा मुद्दा होता, ‘सगळे आधीच लिहून टाकले तर भेटीत काय बोलणार?’ शनिवारी सकाळी गच्चीवर टाकीची सावली डिसेंबरच्या कलत्या उन्हात कुठपर्यंत येते ते मोजताना सचिव शेजारी उभे असतात, बारा बिले हातात असतात आणि त्यांतल्या मे महिन्याच्या बिलात पंपाचा वापर अचानक का वाढला हे त्यांना ठाऊक असते. टँकरचे पाणी वर चढवायला पंप जास्त चालला असेल, तर पुढच्या उन्हाळ्यातही तो चालेल आणि २५ किलोवॅटचा आकडा पुन्हा तपासावा लागेल. बोलायला तिथे भरपूर असते. मंगळवारी पाठवायच्या दुसऱ्या ईमेलचा मजकूरही त्याच बोलण्यातून मिळतो: सावलीमुळे कमी झालेली दोन पॅनेल, त्यामुळे बदललेली रक्कम, आणि समितीच्या विषयपत्रिकेवर टाकण्यासाठी ठरावाचा मसुदा.